एकत्र हरणाऱ्या पैजा

समजा एक नाणं असं आहे की शंभरात साठ वेळा छापा पडतो, आणि हे माहीत असूनही समोरचा माणूस बरोबरीची पैज लावायला तयार आहे. छापा पडला तर लावलेत तेवढेच वर मिळणार, काटा पडला तर लावलेले गेले. असा भला माणूस भेटणं कठीण, पण हिशेबासाठी धरून चालू. तुमच्याजवळ शंभर रुपये आहेत आणि खेळ बराच वेळ चालणार आहे. दर डावाला किती लावायचे?

सगळे लावले तर पहिल्याच काट्याला खेळ खलास. एकेक रुपया लावत बसलात तर बुडणार नाही, पण वाढही नावापुरतीच होईल. या दोन टोकांच्या मधली नेमकी जागा अमेरिकेतल्या बेल लॅब्जमधले संशोधक जॉन केली यांनी १९५६ साली दाखवून दिली. बरोबरीच्या पैजेसाठी त्यांचा नियम तोंडी करता येतो: जिंकण्याच्या शक्यतेतून हरण्याची शक्यता वजा करा. साठातून चाळीस गेले, उरले वीस. म्हणून दर वेळी हातात जी रक्कम असेल तिच्या वीस टक्के लावायची. जिंकत गेलात की रक्कम आपोआप वाढते, हरत गेलात की आपोआप आखडते.

हे वीस टक्के किती नाजूक आहेत ते पाहण्यासारखं आहे. पंचवीस डाव झाले आणि नाणं आपल्या स्वभावाप्रमाणे वागलं, म्हणजे पंधरा जिंकले, दहा हरले, असं धरा. वीस टक्क्यांनी खेळणाऱ्याचे शंभराचे १६५ होतात. दहा टक्क्यांनी खेळणाऱ्याचे १४६. आणि चाळीस टक्क्यांनी खेळणाऱ्याचे ९४! नाणं तेच, निकाल तेच, पंचवीसपैकी पंधरा डाव जिंकलेले, तरी गडी मुद्दलातच घाट्यात. कारण नफा-तोटा इथे बेरजेने चालत नाही, गुणाकाराने चालतो. चाळीस टक्के गमावल्यावर शंभराचे साठ राहतात, आणि साठावर चाळीस टक्के कमावले तरी चौऱ्याऐंशीच होतात. हा गुणाकाराचा मार रक्कम वाढवली की फार वेगाने वाढतो, आणि ढोबळमानाने केलीच्या दुप्पट लावलं की सगळी वाढ खाऊन टाकतो.

इथपर्यंतची गोष्ट गुंतवणुकीच्या पुस्तकांतून बऱ्याच जणांनी वाचलेली असते. अडचण पुढे येते. प्रत्यक्षात माणूस एका वेळी एकच पैज लावून, तिचा निकाल पाहून, मग दुसरीकडे वळत नाही. पाच-सहा पैजा एकदमच टांगलेल्या असतात, आणि त्या एकमेकींना चिकटलेल्याही असतात. त्या प्रत्येकीवर स्वतंत्रपणे केलीचा हिशेब करून रकमा लावल्या तर काय होतं?

पुन्हा नाण्याकडेच जाऊ, फक्त या वेळी तशीच दोन नाणी एकदम उडवली जाणार आहेत. दोन्हींवर सारखीच रक्कम लावायची आहे, आणि निकाल लागायच्या आत लावायची आहे. (एकाचा निकाल कळल्यावर दुसऱ्यावर लावता आलं असतं तर प्रश्नच नव्हता, उरलेल्या रकमेचे वीस टक्के काढले की झालं.) इथे तीनच गोष्टी घडू शकतात. दोन्ही छापे पडतील, दोन्ही काटे पडतील, किंवा एक छापा आणि एक काटा. तिसऱ्या प्रकारात एकीकडे आले तेवढेच दुसरीकडे गेले, खिसा जागच्या जागी. म्हणजे आपलं बरंवाईट ठरतं ते फक्त दोन्ही नाणी एकाच बाजूला पडतात तेव्हा. मग केलीचा नियम अगदी छोटा होतो: दोन्ही जिंकण्याच्या शक्यतेतून दोन्ही हरण्याची शक्यता वजा करा, आणि दोन्ही एकत्र जाण्याच्या शक्यतेने भागा. येईल ती दोन्ही नाण्यांवर मिळून लावायची रक्कम.

नाणी एकमेकांशी अजिबात संबंध नसलेली असतील तर दोन्ही छापे शंभरात ३६ वेळा, दोन्ही काटे १६ वेळा. फरक २०, एकत्र जाणं ५२. भागाकार साडेअडतीस टक्के, म्हणजे प्रत्येकी एकोणीसच्या थोडं वर. एकट्या नाण्याच्या वीस टक्क्यांपासून फारसं दूर नाही. पंचवीस डावांनंतर शंभराचे २६८ होतात, आणि प्रत्येकी सरळ वीस-वीस टक्के लावले असते तरी जवळपास तेवढेच झाले असते. स्वतंत्र पैजा मोजक्या असल्या तर त्यांचा वेगवेगळा हिशेब केल्याने बिघडत नाही, ते यामुळे.

दुसऱ्या टोकाला दोन्ही नाणी तारेने बांधलेली आहेत असं समजा. एक पडेल तशीच दुसरी. मग ही एकच पैज आहे, फक्त दोन नावांची. एकूण वीस टक्के, प्रत्येकी दहा. इथे कुणी प्रत्येकी वीस लावले तर तो नकळत चाळीस टक्केवाला झाला, आणि त्याचे ९४ आपण वर पाहिलेच.

सगळ्यात शिकवणारी स्थिती मधली आहे. नाणी अर्धवट जोडलेली आहेत, सहसंबंध अर्धा. प्रत्येक नाणं अजूनही शंभरात साठ वेळाच छापा दाखवतं, पण आता दोन्ही छापे ४८ वेळा, दोन्ही काटे २८ वेळा आणि वेगवेगळी फक्त २४ वेळा पडतात. फरक पुन्हा २०, पण एकत्र जाणं ७६. एकूण सव्वीस टक्के, प्रत्येकी तेरा. असं खेळलं तर पंचवीस डावांत शंभराचे १९५. आणि प्रत्येक नाण्याचा वेगळा हिशेब करून वीस-वीस टक्के लावणाऱ्याचे? १५९. आता एकाच नाण्यावर खेळणाऱ्याचे १६५ आठवा. ज्याच्याकडे दोन चांगल्या पैजा होत्या, तो एकच पैज असणाऱ्याच्या मागे राहिला. दोन्ही पैजा फायद्याच्या, दोन्हींवरची रक्कम आपापल्या जागी बरोबर, आणि तरी दुसरी पैज घेतल्यामुळे नुकसान. मला या विषयात सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो हाच आकडा.

हे नाण्यांचं झालं. खऱ्या पैशांनी हा प्रश्न आधी सोडवावा लागला तो ब्लॅकजॅक खेळणाऱ्यांना. एडवर्ड थॉर्प हे गणिताचे प्राध्यापक. एमआयटीत असताना क्लॉड शॅनन यांनी त्यांना केलींचा शोधनिबंध दाखवला. थॉर्पनी दाखवून दिलं की वापरून झालेली पानं लक्षात ठेवली तर काही वेळा खेळाडूची कॅसिनोवर सरशी असते. त्यांचं त्यावरचं पुस्तक १९६२ साली आलं. पणजीला मांडवीत उभ्या असलेल्या कॅसिनो जहाजांवरही हा खेळ चालतो, मात्र पानं सतत पिसणारं यंत्र जिथे असेल तिथे या मोजणीचा काही उपयोग नाही.

खेळ असा: प्रत्येक खेळाडू डीलरशी एकटा लढतो. पानांची बेरीज एकवीसच्या जवळ न्यायची, वर जाऊ द्यायची नाही. शिल्लक गड्डीत मोठी पानं जास्त उरली की मोजणाऱ्या खेळाडूच्या बाजूने एखादा टक्का झुकतो. ही संधी थोडा वेळच टिकते, म्हणून मोह होतो की एका हाताऐवजी शेजारच्या जागेवरही पैसे लावून दोन हात खेळावेत. नियमांत ते बसतं. मग प्रत्येक हातावर पूर्ण रक्कम लावायची का?

नाही, कारण दोन्ही हातांची गाठ एकाच डीलरशी आहे. डीलर एकवीसच्या वर गेला की टिकून राहिलेले तुमचे दोन्ही हात जिंकतात. डीलरने वीस किंवा एकवीस केले की बहुतेक वेळा दोन्ही बुडतात. तुमची पानं वेगळी आहेत म्हणून संबंध पूर्ण नाही, पण आहे तो दुर्लक्ष करण्यासारखाही नाही. शिवारात दोन ठिकाणी रानं असली तरी पाऊस एकच, तसं हे.

आकड्यांत सांगायचं तर, सरशी लहान असते तेव्हा केलीचा हिशेब साधा होतो: सरशीला चढउताराने, म्हणजे व्हेरियन्सने, भागायचं. एक रुपया लावलेल्या एका हाताचा व्हेरियन्स सुमारे १.३ असतो. एकापेक्षा जास्त असण्याचं कारण म्हणजे मधेच रक्कम दुप्पट करणं, जोडी फोडणं हे प्रकार, आणि ब्लॅकजॅक लागला की मिळणारे दीडपट पैसे. एकाच फेरीतल्या दोन हातांमधला सामाईक भाग, म्हणजे कोव्हेरियन्स, सुमारे ०.५. समजा जवळ दहा हजार डॉलर आहेत आणि सरशी एक टक्का आहे. एकच हात खेळायचा असेल तर एक टक्का भागिले १.३, म्हणजे ७७ डॉलर. दोन हात असतील तर प्रत्येकाच्या भाजकात स्वतःचे १.३ आणि जोडीदाराचे ०.५ असे मिळून १.८ येतात, प्रत्येकी ५६ डॉलर, एकूण १११. तीन हातांना भाजक २.३, प्रत्येकी ४३, एकूण १३०. हात तिप्पट झाले, पण टेबलावरची रक्कम सुमारे १.७ पट.

तेच दोन हात दोन वेगळ्या टेबलांवर, दोन वेगळ्या डीलरांसमोर असते तर संबंध तुटला असता आणि दोन्हीकडे जवळजवळ पूर्ण ७७ लावता आले असते. एकाच गल्ल्यातून खेळणाऱ्या टोळ्या आपले गडी वेगवेगळ्या टेबलांवर पांगवत, त्याला हेही एक कारण होतं. एकाच टेबलाभोवती सगळे बसले तर गल्ला एकाच डीलरच्या हाती.

अनुभवी खेळाडू यावर अजून एक गोष्ट सांगतात, आणि हिशेब त्यांच्या बाजूने आहे. टेबलावर तुम्ही एकटेच असाल तर दोन हात खेळून काहीच मिळत नाही. दोन हात योग्य रकमांनी खेळले तर दर फेरीची वाढ १.४४ पट होते, हे खरं. पण एक हात आणि डीलर मिळून दोन जणांची पानं जायची, ती आता तीन जणांची जाऊ लागली. चांगल्या पानांचा साठा ठरावीक, म्हणून फेऱ्या दोन तृतीयांशच होणार. १.४४ चे दोन तृतीयांश म्हणजे ०.९६. थोडा तोटाच. टेबलावर आणखी चार जण असतील तर गोष्ट उलटते: सहाऐवजी सातांची पानं जातात, फेऱ्या थोड्याच घटतात, आणि वाढ जवळपास सव्वापट होते. म्हणून एकटे असाल तर एक हात, गर्दी असेल तर दोन.

हाच भाजक शेअर घेणाऱ्यांनाही लागू पडतो. सारख्याच गुणवत्तेच्या, एकमेकींशी सारख्याच जोडलेल्या अनेक पैजा असतील, तर त्यांवर मिळून लावायच्या रकमेला एक छत असतं, आणि ते सहसंबंधाच्या उलट असतं. सहसंबंध अर्धा असेल तर छत दुप्पट. एखाद्याने बँकांचे पाच शेअर निवडले, प्रत्येक शेअर त्याच्या मते चांगला, आणि त्यांच्यातला सहसंबंध अर्धा धरला, तर पाचांवर मिळून एकट्या शेअरच्या १.६७ पट रक्कम योग्य. वीस निवडले तर १.९ पट, म्हणजे प्रत्येकावर एकट्याच्या हिश्शाच्या दहावा भागसुद्धा नाही. पन्नास निवडले तरी दुपटीपलीकडे जाता येणार नाही. रिझर्व्ह बँकेचा व्याजदराचा एक निर्णय सगळ्यांना एकदम हलवतो. नावं वाढवल्याने तो धोका विभागला जात नाही.

आता उलटा प्रकार. पैजा एकत्र हरतात तेव्हा रक्कम कापावी लागते, तर एक जिंकली की दुसरी हरणारच अशा पैजांचं काय? घोड्यांची शर्यत हे याचं शुद्ध उदाहरण, आणि केलींनी १९५६ च्या लेखात तेच सोडवलं होतं. उत्तर पहिल्यांदा वाचताना छापण्यात चूक झाली असावी असं वाटतं.

शर्यतीतला पहिला घोडा जिंकण्याची शक्यता शंभरात ५० आणि जिंकल्यास रुपयाचे अडीच रुपये हातात. सरासरीने रुपयामागे सव्वा, उत्तम पैज. दुसऱ्या घोड्याची शक्यता ३०, जिंकल्यास रुपयाचे ३ रुपये २० पैसे. सरासरीने ९६ पैसे, तोट्याची पैज. बाकीचे घोडे मिळून उरलेले वीस, आणि त्यांचे भाव इतके वाईट की सोडून द्यावेत. जवळ हजार रुपये आहेत. फक्त पहिल्या घोड्यावर खेळायचं तर केली सांगतो १६७ रुपये. तो जिंकला तर हजाराचे १२५०, नाहीतर ८३३.

पण दोन्ही घोडे एकत्र धरून हिशेब केला तर उत्तर येतं: पहिल्यावर २२२ आणि दुसऱ्यावर ८३. पहिला जिंकला तर पुन्हा १२५०च. दुसरा जिंकला तर ९६०. दोन्ही हरले तर ६९५. तोट्याच्या तिकिटावर ८३ रुपये का घालवायचे? कारण पहिला घोडा ज्या शर्यती हरतो त्यांतल्या दहापैकी सहा दुसरा जिंकतो, आणि नेमक्या त्याच वेळी ते तिकीट पैसे आणतं. तो विमा झाला, आणि विम्याचा हप्ता सरासरीने तोट्यातच असतो. या आधारावर पहिल्या घोड्यावर जास्त लावणं परवडतं. दहा शर्यती, त्यांत पहिल्याच्या पाच, दुसऱ्याच्या तीन, इतरांच्या दोन असं धरलं तर एकट्या पहिल्यावर खेळणाऱ्याचे हजाराचे १२२६ होतात आणि दोन्हींवर खेळणाऱ्याचे १३०७. पैज चांगली की वाईट हे तिच्याकडे एकटीकडे बघून ठरत नाही, याचा एवढा स्वच्छ पुरावा मला दुसरीकडे सापडलेला नाही.

या सगळ्या हिशेबात आपण एक गोष्ट फुकट वापरली: पैजा किती जोडलेल्या आहेत ते आपल्याला माहीत होतं. ब्लॅकजॅकचा आकडा काढता येतो, कारण पत्त्यांची संख्या ठरलेली आहे. बाजारात तो नोंदींवरूनच शोधावा लागतो. त्यासाठी प्रत्येक पैजेचा निकाल वेगळा लिहून चालत नाही, एकाच वेळी लावलेल्या पैजांचे निकाल शेजारी-शेजारी लिहावे लागतात. दोन्ही नाणी शंभरात चाळीसदा हरत असतील आणि संबंध नसेल, तर दोन्ही एकत्र सोळाच्या आसपास वेळा हरायला हवीत. वहीत बावीस आले तर तो योगायोगही असू शकतो. अठ्ठावीस आले तर नक्कीच काहीतरी जोडलेलं आहे. म्हणजे शंभर निकालांनीसुद्धा ढोबळ उत्तरच मिळतं.

शिवाय हा आकडा स्थिर राहत नाही, आणि बिघडतो तो नको त्या वेळी. २३ मार्च २०२० रोजी सेन्सेक्स एका दिवसात सुमारे तेरा टक्के पडला. औषधं, बँका, मोटारी, एरवी आपापल्या वाटेने जाणारे शेअर त्या दिवशी एकाच दिशेने गेले. शांत दिवसांच्या नोंदींवरून काढलेला सहसंबंध अशा दिवसासाठी फार कमी असतो, आणि रक्कम बुडते ती अशाच दिवशी.

म्हणून हा हिशेब प्रत्यक्ष वापरणारे बरेच जण केलीच्या आकड्याच्या निम्मंच लावतात. निम्म्या रकमेत वाढीचा सुमारे तीन चतुर्थांश भाग हाती येतो. वर दहा टक्केवाल्याचे १४६ झाले ते याच प्रमाणात. आणि सहसंबंधाबद्दल शंका असेल तर तो जास्त धरतात. त्या अर्धवट जोडलेल्या नाण्यांवरच पाहा. ती पूर्ण जोडलेली आहेत अशा समजाने प्रत्येकी दहा टक्के लावले तर शंभराचे १९५ ऐवजी १८७ होतात. ती स्वतंत्र आहेत अशा समजाने वीस-वीस लावले तर १५९. आणि सगळ्यात वाईट चुका समोरासमोर ठेवल्या तर: नाणी खरोखर स्वतंत्र असताना जोडलेली समजलात, तर २६८ ऐवजी २११ मिळतात. खरोखर जोडलेली असताना स्वतंत्र समजलात, तर १६५ ऐवजी ९४.